ताटाचा दर आणि विश्वासाचा पुरावा

उत्तर भारतात देवउठनी एकादशीनंतर लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरच्या मध्यास खरमास लागताच तो थांबतो. या मोजक्या आठवड्यांत लखनौ, कानपूर, जयपूरसारख्या शहरांतील केटरर आणि छायाचित्रकार आपल्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग मिळवतात. एकेकाळी येथे हलवाई मोहल्ल्यातलाच असे आणि सोयरिकीपासून आमंत्रणापर्यंत नाई मध्यस्थी करी. काम बिघडले तर दोघांनाही पुढील वर्षी त्याच गल्लीत तोंड दाखवावे लागे. आज ग्राहक व व्यावसायिक परस्परांना अपरिचित असतात, आणि लग्नाची सेवा आधी वापरून पाहता येत नाही. म्हणून पारख करावी लागते ती खुणांची. कोणती खूण खोटी करणे महाग पडते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम दर. समजा, 400 पाहुण्यांसाठी एक केटरर ताटामागे 700 रुपये सांगतो, दुसरा 820. पहिल्याचे मूळ बिल 2,80,000 रुपये होते. पुढे चाट व डोशाच्या काउंटरचे 25,000, वाढप्यांचे 10,800 आणि भांडी व वाहतुकीचे 14,000 वेगळे लागतात. प्रत्यक्षात 440 ताटे उठतात आणि ठरल्यापेक्षा जास्तीच्या 40 ताटांना 900 रुपयांचा दर लावला जातो. बेरीज 3,65,800 आणि 5 टक्के जीएसटी धरून 3,84,090 रुपये होते. दुसऱ्याने सर्व खर्च दरातच धरलेला असतो आणि दहा टक्के अधिक ताटांना तोच दर कबूल केलेला असतो. त्याचे बिल करासह 3,78,840 रुपये होते. महाग वाटलेला केटरर अखेर स्वस्त ठरतो. (महागड्या हॉटेलच्या आवारात कर 18 टक्के असू शकतो, हे आधी विचारून घ्यावे.)

पहिल्या भेटीतच वाढीव दर सांगणारा केटरर काही गिऱ्हाइके गमावतो. नेमकी हीच किंमत त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असते. खरा वाद मात्र ताटांच्या मोजणीवर होतो. दुसऱ्यांदा घेतलेले ताट, बँडवाले आणि वाहनचालक यांचे जेवण कोणाच्या हिशेबात धरायचे, हे करारात नसते. सेवा सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर घरातील एका माणसासमवेत थप्पीतील ताटे मोजू देणारा केटरर सहसा पुढेही सरळ वागतो.

छायाचित्रकाराची खूण म्हणजे इन्स्टाग्रामवरील कामाचा संग्रह. तेथे पंधरा लग्नांतील निवडक पन्नास छायाचित्रे सहज मांडता येतात, तर काही चित्रे भाड्याच्या मॉडेलना सजवून काढलेली असतात. रात्री अकराच्या बारातीतील झगमग आणि मध्यरात्रीच्या फेऱ्यांचा मंद प्रकाश येथे खरी परीक्षा घेतात. म्हणून एकाच लग्नाचा आरंभापासून निरोपापर्यंतचा संपूर्ण संग्रह मागावा. दुसरा प्रश्न असा की कॅमेरा कोणाच्या हातात असेल? एकाच मुहूर्तावर अनेक कामे घेणारे स्टुडिओ ती बाहेरच्या माणसांकडे सोपवतात. तेव्हा नाव करारात लिहून घ्यावे आणि त्याच व्यक्तीचे काम पाहावे.

येथे कायद्याचा एक दुवा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 17 नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास ग्राहकाची संमती हवी. प्रामाणिक व्यावसायिक ती आधीच लेखी घेतो. न विचारता दुसऱ्याची छायाचित्रे झळकवणारा उद्या आपलीही झळकवील.

शिफारसीचेही तसेच आहे. लग्नाचा हॉल काही केटररांची यादी पुढे करतो. त्यामागे बहुधा रॉयल्टी असते आणि ती अखेर ताटाच्या दरातच उतरते. यादी वाईटच असते असे नाही. पण ती परिचय नसून व्यवहार आहे, एवढे समजून घ्यावे. परिचय हवा तर सहा-आठ महिन्यांपूर्वीच्या ग्राहकाशी बोलावे. लग्नानंतरच्या आठवड्यात सारेच खूष असतात. अल्बम किती उशिरा आला आणि अखेरचे बिल किती वाढले, हे नंतरच कळते.

2023 मध्ये केंद्र सरकारने फसव्या ऑनलाइन युक्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत टप्प्याटप्प्याने किंमत वाढवण्याच्या प्रकाराचाही समावेश आहे. लग्नाचा सौदा मात्र बहुधा फोनवर आणि तोंडी होतो, तेथे या तत्त्वांचा हात क्वचितच पोहोचतो. म्हणून सर्वसमावेशक दर, जास्तीच्या ताटाचा भाव, छायाचित्रकाराचे नाव आणि अल्बम देण्याची तारीख यांचा एक पानी लेखी नमुना व्यावसायिकांच्या स्थानिक संघटनांनीच रूढ करावा. ज्यांचे काम चांगले आहे, त्यांना त्यात गमावण्यासारखे काही नाही.