पोटावरची चिमटी आणि दोन सेकंद

‘योजना ब मध्ये ओआरएस किती द्यावं?’ असा प्रश्न आला की नर्सिंगची विद्यार्थिनी ‘वजनाच्या प्रत्येक किलोला 75 मिली, चार तासांत’ असं धडाधडा सांगून मोकळी होते. पण जुलाबांनी मलूल झालेलं मूल घेऊन आलेली आई ‘माझं बाळ योजना ब मध्ये आहे’ असं काही सांगत नाही. बाळ कोणत्या योजनेत बसतं, हे तिथे आधी ठरवावं लागतं. प्रसंगावर आधारित प्रश्न काढतात ते नेमकं हेच तपासायला.

दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या आजारांसाठी आपल्याकडे ‘आयएमएनसीआय’चा तक्ता वापरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मार्गदर्शिकेचं हे भारतीय रूप. जुलाबाच्या मुलात त्यात मुख्यतः चार गोष्टी बघायच्या असतात: मूल सुस्त आहे की चिडचिडं, डोळे खोल गेलेत का, पाणी कसं पितं आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती वेळात जागेवर जाते. सुस्ती किंवा बेशुद्धी, खोल गेलेले डोळे, पिता न येणं किंवा जेमतेम पिणं, कातडी जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त लागणं, यांतल्या कोणत्याही दोन खुणा दिसल्या की जलशुष्कता तीव्र. चिडचिड, खोल डोळे, अधाशासारखं पिणं, कातडी हळू पण दोन सेकंदांच्या आत परतणं, यांतल्या दोन असतील तर ‘काही प्रमाणात’.

खोल गेलेले डोळे दोन्ही रकान्यांत आहेत, हे लक्षात असू द्यावं. प्रश्न काढणारी व्यक्ती सापळा लावते तो इथेच.

आता प्रसंग असा: अकरा महिन्यांचं बाळ, वजन 8 किलो. दोन दिवस जुलाब, शौचात रक्त नाही, ताप नाही. बाळ किरकिर करतंय, डोळे खोल गेलेत, वाटी तोंडाशी नेली की हात पुढे करून घटाघटा पितंय. पोटाची कातडी सोडल्यावर हळू, पण दोन सेकंदांच्या आतच परतली. तोंड कोरडं आहे, असंही आई सांगते. तोंडाचा कोरडेपणा मुद्दामच घातलेला आहे. तो तक्त्यातल्या त्या चार खुणांत नाही. उत्तर ‘काही प्रमाणात’, म्हणजे योजना ब: 75 गुणिले 8, एकूण 600 मिली ओआरएस, चार तासांत, केंद्रावरच, आईच्या हातून घोटघोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. अंगावरचं दूध चालूच. चार तासांनी पुन्हा तपासणी.

मग याच प्रसंगातलं एकच वाक्य बदलायचं: कातडी परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला. बाळ अजूनही घटाघटा पितंय, किरकिरतंय, त्यामुळे विद्यार्थिनीचा हात ‘योजना ब’कडेच जातो. पण खोल डोळे आणि अतिशय हळू परतणारी कातडी मिळून तीव्र रकान्यातल्या दोन खुणा झाल्या, आणि दोन्ही रकाने भरत असतील तर वरचा, गंभीर रकाना धरायचा असतो. आता योजना क: शिरेतून रिंगर लॅक्टेट, किलोला 100 मिली. बाळ वर्षाच्या आतलं असल्यामुळे पहिले 240 मिली एका तासात, उरलेले 560 पुढच्या पाच तासांत. मिलीला 20 थेंब पडणाऱ्या सेटवर पहिल्या तासाचा वेग मिनिटाला 80 थेंब. हेच बाळ तेरा महिन्यांचं असतं, तर मात्रा तीच, पण वेळ अर्धा तास आणि अडीच तास. त्यामुळे प्रश्नात वय महिन्यांत लिहायलाच हवं.

जागाही लिहावी लागते. उपकेंद्रात सलाइनची सोय नसेल आणि अर्ध्या तासाच्या वाटेवर ती मिळणार असेल, तर उत्तर वेगळं: बाळाला तातडीने तिकडे पाठवायचं आणि पिऊ शकत असेल तर वाटेत घोटघोट ओआरएस पाजत राहायला आईला सांगायचं. जागा न सांगता विचारलं, तर दोन पर्याय बरोबर ठरतात आणि निकालाच्या दिवशी भांडण होतं.

चिमटीचंही तसंच. ती बेंबी आणि कुशीच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीने, कातडीची घडी आडवी नव्हे तर शरीराच्या लांबीच्या दिशेत येईल अशी घ्यायची, सेकंदभर धरून सोडायची. ‘कातडी सैल वाटली’ एवढंच प्रश्नात लिहिलं तर त्यावरून काहीच ठरत नाही.

शिवाय ही खूण काही मुलांत फसवते. फार हडकुळ्या, कुपोषित मुलाची कातडी अंगात पाणी पुरेसं असतानाही हळू परतते. सुजलेल्या मुलात पाणी कमी असूनही पटकन परतू शकते. गंभीर कुपोषणात पाणी देण्याची पद्धतच वेगळी, कारण शिरेतून भराभर पाणी गेलं तर हृदयावर ताण येतो. म्हणून जाणती शिक्षिका आपल्या प्रसंगात एक साधं वाक्य घालते: ‘मूल फार वाळलेलं नाही, दोन्ही पायांवर सूज नाही.’ ते गाळलं, तर वर्गातली हुशार मुलगी हात वर करून नेमकं तेच विचारते.