पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या स्वागत समारंभात अंतिम वर्षाचे विद्यार्थी नव्या मुलांना अभ्यासाच्या चार गोष्टी सांगतात. कोणतं पुस्तक घ्यावं, हजेरी कशी सांभाळावी, हे त्यात असतंच. यंदा ऐकलेल्या भाषणात मात्र एका ताईने एकच मुद्दा धरून ठेवला, आणि तो मला फार मोलाचा वाटला.

ती म्हणाली, ''नीटमध्ये चार पर्याय समोर होते, योग्य उत्तर ओळखलं की झालं. इथे व्हायवाला परीक्षक हाड हातात देतात आणि विचारतात, सांगा. तिथे पर्याय नसतात.''

पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं होतं आणि आपल्याला ते येतं असं वाटू लागतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये नेमकं हेच तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं.

उदाहरण तिने ब्रेकियल प्लेक्ससचं दिलं. हे काखेजवळचं, हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं. मानेतून पाच मुळं निघतात, त्यांचे तीन खोड होतात, प्रत्येकाचे दोन भाग, मग तीन दोर आणि शेवटी पाच मुख्य नसा. आधी एकदा समजून वाचायचं, मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढायचं. हात अडला की तिथे लाल खूण करायची आणि तेवढंच उघडून बघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा.

पण कागदावर सगळं आलं म्हणजे झालं, असं नाही. पुस्तकात नस पिवळी आणि धमनी लाल असते. डिसेक्शन टेबलावर दोन्ही जवळपास एकाच मातकट रंगाच्या दिसतात. म्हणून काखेत आधी धमनी शोधावी. तिच्या पुढच्या बाजूला नसांचा इंग्रजी एम अक्षरासारखा आकार दिसतो, तिथून मागे जात जाळं उलगडावं. काही देहांत रचना वेगळी निघते, तेव्हा शिक्षकांना बोलवावं.

त्यानंतर रुग्ण आठवावा. दंडाचं हाड मधोमध मोडलं की त्याला चिकटून जाणाऱ्या रेडियल नसेला इजा होऊ शकते. मग मनगट वर उचलता येत नाही, पण कोपर बहुधा सरळ करता येतो, कारण ट्रायसेप्स स्नायूच्या बऱ्याचशा शाखा ती नस त्याआधीच देऊन गेलेली असते. ही कारणसाखळी सांगता आली, की चित्र खरंच समजलं आहे.

नव्या मुलांनो, आज जे वाचाल ते झोपण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर काढून बघा.