तड्याची साक्ष कुठपर्यंत?

19 जुलै 1989. डेनव्हरहून शिकागोकडे निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाचं शेपटीतलं इंजिन उडता उडताच फुटलं. त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या आणि वैमानिकांच्या हातात उरलेल्या दोन इंजिनांचा वेग कमी-जास्त करण्यापलीकडे काही राहिलं नाही. तेवढ्यावर त्यांनी विमान आयोवातल्या सू सिटीपर्यंत आणलं. उतरताना ते कोसळलं. विमानातल्या 296 जणांपैकी 112 जण गेले.

फुटला होता तो इंजिनाच्या तोंडाशी फिरणाऱ्या पंख्याचा टायटॅनियमचा डिस्क. सुमारे 80 सेंटिमीटर व्यासाचा आणि दीडशे किलोंहून जड असा हा डिस्क अपघाताच्या जागी सापडलाच नाही. तो आल्टा गावाजवळच्या मक्याच्या शेतात पडला होता आणि जवळपास तीन महिन्यांनी, कापणीच्या वेळी हाती लागला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल या डिस्कभोवती उभा आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण डोळ्यांनी दिसलेली गोष्ट आणि तिच्यावरून काढलेला तर्क यांत त्यातल्या तज्ज्ञांनी गल्लत होऊ दिली नाही.

डिस्कच्या मधल्या भोकाच्या भिंतीवर त्यांना सुमारे दीड मिलिमीटर लांबीचा आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोलीचा एक खळगा दिसला. तडा तिथून सुरू झाला होता. खळग्याभोवतीच्या धातूत नायट्रोजनचं प्रमाण जास्त भरलं. टायटॅनियम वितळवताना त्यात नायट्रोजन शिरला, की तेवढ्या भागात तांदळातल्या खड्यासारखा कडक, ठिसूळ कण तयार होतो. हा दोष कारखान्यापासूनच डिस्कमध्ये होता, हे त्यावरून ठरलं.

मग तडा वाढला कसा? उड्डाणाच्या वेळी इंजिन पूर्ण वेगात फिरतं तेव्हा डिस्कवर प्रचंड ताण येतो. विमान उतरलं की तो उतरतो. अशा प्रत्येक फेरीत तडा किंचित पुढे सरकतो आणि मागे एक सूक्ष्म रेघ सोडतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रेघांचा अंदाज घेतला, तेव्हा त्यांची संख्या डिस्कने केलेल्या 15,503 फेऱ्यांशी ढोबळमानाने जुळली. म्हणजे तडा डिस्कच्या सेवेच्या अगदी सुरुवातीपासून वाढत होता. हा मेळ ढोबळच असतो: काही रेघा घासून पुसट होतात, आणि सगळ्या पृष्ठभागावर त्या मोजता येत नाहीत.

सर्वांत बोलका पुरावा रंगाचा होता. उगमाजवळचा सुमारे 12 मिलिमीटर लांबीचा भाग बाकीच्या तड्यापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसत होता. अपघाताच्या 760 फेऱ्या आधी, 1988 च्या फेब्रुवारीत, विमान कंपनीच्या कार्यशाळेत या डिस्कची तपासणी झाली होती. आपल्याकडच्या कारखान्यांत जिला डीपी टेस्ट म्हणतात, तिचाच तो चमकणाऱ्या द्रवाचा प्रकार: द्रव भेगेत मुरतो आणि अतिनील प्रकाशात रेघ उजळते. तड्याच्या पृष्ठभागावर त्याच द्रवातल्या रसायनांचे अंश मिळाले. तडा वाढण्याच्या वेगाचं गणित मांडून पाहिलं, तर त्या तारखेला त्याची लांबी साधारण तेवढीच यायला हवी होती. तीन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचल्यामुळे मंडळाने ठामपणे लिहिलं, की तपासणीच्या दिवशी तडा तिथे होता आणि दिसण्याइतका मोठा होता.

पण तो दिसला का नाही? इथे अहवालाची भाषा बदलते. डिस्क भोकातून ओवलेल्या केबलवर टांगलेला असायचा, त्यामुळे नेमका तो भाग झाकला गेला असेल. डिस्क पुरेसा फिरवला नसेल. भेग उठून दिसावी म्हणून लावायची पूड तिथे नीट बसली नसेल. या शक्यतांपैकी कुठलीही एक सिद्ध करणारा पुरावा धातूत उरलेला नव्हता.

खळग्यातला मूळ कणही नाहीसा झाला होता. तो बहुधा शेवटच्या यंत्रकामात किंवा पृष्ठभागावर छर्रे मारण्याच्या प्रक्रियेत निखळला असावा, असा तर्क झाला. कागदपत्रांचा घोळ तर याहून मोठा. उत्पादकाच्या नोंदींत एकाच क्रमांकाचे दोन डिस्क निघाले, त्यामुळे डिस्कचा जन्मवृत्तांत निःसंदिग्धपणे सांगणं अवघड झालं.

मंडळाने मुख्य ठपका तपासणी व्यवस्थेवर ठेवला: माणसाच्या नजरेला आणि लक्षाला मर्यादा असतात, हे तिने पुरेसं धरलंच नव्हतं. मंडळातले एक सदस्य जिम बर्नेट यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. सदोष डिस्क मुळात बनला, याला संभाव्य कारणात अधिक ठळक जागा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. तडा कुठून निघाला आणि कसा वाढला, यावर त्यांच्यात वाद नव्हता.