हिशेब विभाग अकरानंतरच का रखडायचा?

एका कार्यालयातला हिशेब विभाग सकाळी अकरापर्यंत ठीक चालायचा आणि मग रखडायचा. व्हाउचर उघडायला अर्धा मिनिट, प्रिंट निघायला त्याहून जास्त. विभागातले तीसेक संगणक एकाच व्हीलॅनमध्ये होते, म्हणजे स्विचवरच आखून दिलेल्या त्यांच्या स्वतंत्र वाड्यात. विक्री विभागाचा वाडा त्याच स्विचवर होता, पण तिथे कसलीच तक्रार नव्हती. त्यामुळे स्विच किंवा इंटरनेट बिघडलं असावं हा संशय मी आधी बाजूला ठेवला.

नेटवर्कवर माहिती ‘फ्रेम’ नावाच्या पुडक्यांत जाते. इथरनेटच्या नियमाप्रमाणे पुडकं ६४ बाइटपेक्षा लहान नसावं आणि १५१८ बाइटपेक्षा मोठं नसावं. व्हीलॅनची चिठ्ठी लागली तर १५२२ चालतात. लहान ते रंट, मोठं ते जायंट. पुडक्याच्या शेवटी चार बाइटची पडताळणीची खूण असते. ती जुळली नाही की स्विच ते सीआरसी चूक म्हणून मोजतो. प्रत्येक पोर्टवर काय काय आलं याची नोंद स्विच ठेवतो, पण ते आकडे महिनोन्‌महिने साठलेले असतात. म्हणून ते आधी पुसले आणि दहा मिनिटं थांबलो.

```
clear counters
show interfaces FastEthernet0/17
```

बाकी पोर्टांवर शून्य होतं. सतराव्या पोर्टवर मात्र हे दिसलं:

```
2117 runts, 384 giants, 0 throttles
```

त्याच नोंदीत `Half-duplex` असंही होतं. अशा पोर्टवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले तर टक्कर होते आणि फ्रेमचे तुकडे उरतात, त्यामुळे थोडे रंट तिथे नेहमीचेच. नुसते रंट पाहून मी कोणत्याही कार्डाला दोष दिला नसता. पण टकरीने फ्रेम तुटते, लांबत नाही. सीआरसी न जुळणारे जायंट दिसले की कुणीतरी बोलायचं थांबतच नाही, अशी शंका घ्यावी. मुद्दाम मोठ्या फ्रेम पाठवायला लावलेला सर्व्हरही जायंट दाखवू शकतो, पण त्याच्या फ्रेमची खूण जुळते. इथे जुळत नव्हती.

खरं कोडं पुढचं होतं. आजचा साधा स्विच पूर्ण फ्रेम घेऊन तपासतो आणि खराब असेल तर दारातच टाकून देतो. मग सतराव्या पोर्टवरचा कचरा तीस जणांना कसा भोवत होता? उत्तर या आज्ञेने दिलं:

```
show mac address-table interface FastEthernet0/17
```

एका पोर्टवर चार पत्ते निघाले. वायर धरून मागे गेलो तर टेबलाखाली एक जुना हब सापडला. भिंतीत सॉकेट कमी पडले म्हणून केव्हातरी लावलेला. त्यावर दोन संगणक, प्रिंटर आणि हिशेबाचा सर्व्हर. हब काहीच तपासत नाही. एका वायरवर जे येईल ते बाकी सगळ्या वायरींवर ओततो. बिघडलेलं कार्ड दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट न पाहता मध्येच घुसत होतं आणि सर्व्हरच्या चांगल्या फ्रेम फुटत होत्या. फुटलेली फ्रेम पुन्हा पाठवण्याआधी संगणक काही काळ थांबतो. विंडोज किंवा लिनक्समध्ये हा थांबा बहुधा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी नसतो. एक व्हाउचर उघडायला शेकडो फ्रेम लागतात. त्यातल्या बऱ्याच हरवल्या की थांब्यांची बेरीज होऊन अर्धा मिनिट जाऊ शकतो.

गुन्हेगार शोधताना पॅकेट पकडणाऱ्या प्रोग्रामचा मोह टाळावा. वायरशार्क लावलं तरी आपल्याच संगणकाचं कार्ड खराब फ्रेम आधीच फेकून देतं आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. फाटक्या फ्रेममधल्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून हबमधली एकेक वायर काढून आकडे पाहिले. तिसरी वायर काढली आणि आकडे थांबले.

एवढ्यावर कार्डाला दोषी धरता येत नाही, केबलही खराब असू शकते. तो संगणक नव्या केबलने थेट स्विचच्या रिकाम्या पोर्टला जोडला. तिथे पूर्ण डुप्लेक्स होतं, टकरीचा प्रश्नच नव्हता, तरी रंट आणि जायंट दोन्ही वाढू लागले. विभाग मात्र धडाधड चालत होता, कारण आता कचरा स्विचच्या दारातच पडत होता. मग तीच केबल आणि तोच पोर्ट ठेवून फक्त कार्ड बदललं. आकडे शून्यावर राहिले.

त्या संगणकावर बसणाऱ्या मॅडम अर्धवेळ काम करायच्या. त्या रोज अकरा वाजता येऊन तो सुरू करत. हब काढून सर्व्हरला स्वतंत्र पोर्ट दिला आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्यावर अर्धा तास मी मोजणी पाहत बसलो. एकही रंट नव्हता.