यमक जुळते, लिंग जुळत नाही

हे वर्णन मोठ्याने वाचा: ‘वाड्यामागे जुने झाडे होती. त्यांची पाने पिवळे पडलेली. छपराची कौले फुटलेले, माडीच्या खिडक्या लहान, पण गज शाबूत.’ यात तीन चुका आहेत आणि कान बहुधा तिन्ही पास करतो.

कानाला यमकाची सवय असते. ‘काळे घोडे’, ‘निळे डोळे’, ‘पिकलेले आंबे’ या पुल्लिंगी जोड्यांत विशेषण आणि नाम दोन्ही ‘ए’वर संपतात. म्हणून ‘जुने झाडे’ही सुरात वाटते. पण झाड, पान, कौल ही नपुंसकलिंगी नामे. त्यांच्या अनेकवचनात नामाला ‘ए’ लागतो आणि विशेषणाला ‘ई’: जुनी झाडे, पिवळी पाने, फुटलेली कौले. इथे बरोबर रूपातच यमक नसते! शिवाय एकवचनात आपण ‘जुने झाड’ लिहितो. अनेकवचन करताना नाम बदलते आणि विशेषण तसेच राहून जाते.

पूर्वी छापील मजकुरात डोळ्यांना आधार होता. पुल्लिंगी ‘जुने खांब’, पण नपुंसकलिंगी ‘जुनें झाड’ आणि ‘जुनीं झाडें’. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे उच्चार नसलेले अनुस्वार गेले. त्यामुळे ‘जुने’ आता खांबांचेही आणि एका झाडाचेही. ‘जुनी’ एका खिडकीचेही आणि अनेक झाडांचेही. अनुस्वार परत आणावेत असे मला मुळीच वाटत नाही, पण तपासण्याचे काम आता लेखकावर आले आहे.

तपासायची युक्ती सोपी. नामाआधी दर्शक सर्वनाम ठेवा: ते खांब, त्या खिडक्या, ती झाडे. ‘ते’ आले तर जुने, ‘त्या’ आले तर जुन्या, ‘ती’ आले तर जुनी. ‘लहान’, ‘सुंदर’, ‘लाल’ ही विशेषणे बदलतच नाहीत, म्हणून ती सोडून द्या. ‘जुन्या झाडांखाली’मध्येही धोका नाही, नामाला विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागले की तिन्ही लिंगांत ‘जुन्या’च येते.

खरी नजर ठेवायची ती नामापासून लांब गेलेल्या ‘-लेला’, ‘-णारा’ रूपांवर. ‘पाने, पावसाने धुतलेली आणि सकाळच्या तिरप्या उन्हात चमकणारे’ हे वाक्य निम्म्यापर्यंत ठीक आहे. ‘चमकणारे’पर्यंत पोचताना लेखक पाने विसरला.

‘बाग’सारखे शब्द दोन्ही लिंगांत चालतात. तिथे एक लिंग धरा आणि परिच्छेदभर पाळा. ‘हिरवागार बाग’ लिहून पुढे ‘तिच्यात’ नको. विदर्भ-मराठवाड्यात बोलताना ‘मोठे झाडं’ सहज ऐकू येते. ते पात्राच्या तोंडी असेल, तर त्याला हात लावू नये.