पत्रातला ‘तरी’



आपल्यापैकी बहुतेकांनी अर्ज लिहिण्याचे पहिले धडे शाळेच्या बाकावर गिरवले. उजव्या बाजूस दिनांक, मग ‘प्रति’, मग ‘विषय’, त्याखाली ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात. नंतर हकिकत, आणि अगदी शेवटी ‘तरी अमुक करावे, ही नम्र विनंती’. या साच्यात अर्जाचा सारा जीव त्या शेवटच्या ‘तरी’नंतर येतो. आधीचे सगळे त्याची पूर्वपीठिका असते.

हा साचा मुळात चुकीचा नव्हता. कचेरीत अर्ज थेट साहेबांसमोर जात नसे. आवक-जावक नोंदीनंतर तो संबंधित लिपिकाच्या टेबलावर येई. लिपिक तो पुरता वाचून त्यावर टिप्पणी लिही. प्रकरण काय, नियम काय, मागणी काय, एवढे मांडून ‘आदेशार्थ सादर’ असा शेरा मारी. साहेब बहुधा ती टिप्पणी वाचून सही करीत. म्हणजे ‘तरी’नंतरचा मजकूर शोधून वर आणण्याचे काम एक माणूस पगार घेऊन करीत होता.

आज आपल्या उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या एखाद्या फाउंड्रीतला अभियंता संचालकांना ई-मेल पाठवतो, तेव्हा मध्ये तो लिपिक नसतो. संचालक पुण्याला निघालेले असतात, गाडी तवंदी घाटात असते आणि हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर विषयाचे आठ-दहा शब्द व मजकुराच्या एक-दोन ओळी एवढेच दिसते. तेथे ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढेच दिसले, तर तो ई-मेल संध्याकाळवर ढकलला जातो. म्हणून टिप्पणी लिहिण्याचे काम आता पत्रलेखकानेच करावयाचे आहे. ते कसे, हे एका रचलेल्या प्रसंगावरून पाहू. प्रसंग कल्पित असला तरी धंदा आपल्या गावचाच आहे.

एका फाउंड्रीत एस. जी. आयर्नच्या पंप बॉडीचे ६४० नग तयार आहेत. बुधवारी दुपारी चार वाजता ते ग्राहकाकडे निघायचे आहेत. एस. जी. आयर्नमध्ये वितळलेल्या लोखंडावर मॅग्नेशियमची प्रक्रिया करतात. त्यामुळे लोखंडातले ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या आकारात गोठते आणि कास्टिंगला चिवटपणा येतो. मात्र हा परिणाम टिकाऊ नसतो. प्रक्रिया झालेला रस लॅडलमध्ये जितका वेळ थांबेल तितका मॅग्नेशियम उडत जातो. म्हणूनच तपासणीचा नमुना शेवटी ओतलेल्या रसातून घेतात, कारण दोष असलाच तर तो तेथे आधी दिसतो. सोमवारी क्रेन अडकली. दोन हीटचा रस या कारखान्याने ठरवलेल्या दहा मिनिटांऐवजी चौदा मिनिटे थांबला. त्या दोन हीटच्या नमुन्यांत गोळ्यांचे प्रमाण ६५ आणि ७० टक्के आले. ड्रॉइंगवर किमान ८५ टक्के मागितले आहे. या दोन हीटचे २३० नग आहेत आणि उरलेल्या चार हीटचे ४१० नग व्यवस्थित आहेत.

गुणवत्ता विभागाचे म्हणणे असे की २३० नग रोखावेत. रवानगी विभाग म्हणतो, अपुरा माल पाठवला तर करारभंग होईल, आणि नमुना वाईट निघाला म्हणून सगळे नग वाईट ठरत नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कराराबाहेर जाऊन अपुरा माल पाठवण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाही नाही. प्रश्न वर नेण्याचे खरे कारण हेच आहे.

शाळेतल्या साच्याने गेलो तर ई-मेलचा विषय होईल ‘पंप बॉडी कास्टिंगबाबत’. मजकूर सोमवारच्या क्रेनपासून सुरू होईल. क्रेनची दुरुस्ती कोणी पुढे ढकलली, हे दुसऱ्या परिच्छेदात येईल. नमुन्यांचे आकडे तिसऱ्यात येतील आणि शेवटी ‘तरी याबाबत योग्य ते मार्गदर्शन व्हावे’. हे वाचून संचालकांना क्रेनचा राग येईल. ते उत्तर देतील, ‘क्रेनच्या दुरुस्तीचा अहवाल पाठवा’. चार वाजता गाडी ६४० नग घेऊन निघून जाईल.

आता तोच मजकूर उलट्या क्रमाने लिहू.

‘विषय : आज दु. १ पर्यंत निर्णय हवा – २३० पंप बॉडी रोखून ४१० पाठवणे

महोदय,

निर्णय : आजच्या ६४० नगांपैकी दोन हीटचे २३० नग रोखून ४१० नग पाठवण्यास, आणि तसे ग्राहकास आजच कळवण्यास, आपली मंजुरी हवी आहे.

मुदत : आज, बुधवार, दुपारी १. गाडी ४ वाजता सुटते. नग वेगळे करण्यास व कागदपत्रे बदलण्यास तीन तास लागतात.

परिणाम : सर्व नग गेले आणि ग्राहकाकडे मशिनिंग झाले, तर हीट क्रमांक असलेला पृष्ठभाग छिलला जाईल. त्यानंतर २३० नग वेगळे काढता येणार नाहीत व सर्व ६४० संशयित ठरतील. रोखल्यास ग्राहकास सोमवारपासून २३० नग कमी पडतील.

आपले उत्तर न आल्यास : एक वाजल्यानंतर मी गाडी भरणे थांबवून ठेवीन. तेवढा अधिकार मला आहे.

कारण : सोमवारी रस १४ मिनिटे थांबला; नमुन्यांत ६५ व ७० टक्के, आवश्यक ८५. रवानगी विभागाचे मत पूर्ण माल पाठवावा असे आहे. रोखलेल्या प्रत्येक नगाची अल्ट्रासोनिक तपासणी दोन दिवसांत होईल. चांगले ठरलेले नग शनिवारी पाठवता येतील. अहवाल सोबत जोडला आहे.’

येथे ‘तरी’नंतरचे वाक्य पहिले झाले आहे आणि क्रेन शेवटच्या परिच्छेदातही उरलेली नाही. तिच्या दुरुस्तीचा प्रश्न खरा आहे, पण तो उद्याच्या पत्राचा आहे. प्रत्येक ओळ काय काम करते ते पाहू.

निर्णयाची ओळ अशी हवी की तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पुरावे. ‘मार्गदर्शन व्हावे’ यात निर्णय नाही. त्यात लेखकाने आपले विचार करण्याचे काम संचालकांवर सोपवले आहे. आपल्याला काय योग्य वाटते ते सांगण्याचा संकोच आपल्याकडे नम्रता समजला जातो. नम्रता स्वरात असावी. शिफारस मात्र स्पष्ट असली पाहिजे, आणि विरुद्ध मतही तिच्याच जोडीने एका वाक्यात प्रामाणिकपणे द्यावे.

मुदत ठरवताना लेखकाच्या सोयीचा विचार नसतो. ज्या क्षणानंतर निवड करण्याची संधीच हातातून जाते, त्या क्षणापासून मागे मोजत यावे. चारला गाडी, तीन तासांचे काम, म्हणून एक. हा हिशेब पत्रात दिसला की मुदत खरी वाटते. नुसते ‘तातडीचे’ लिहिण्याची सवय लागली, तर तिसऱ्या खेपेला तो शब्द कोणी वाचत नाही.

परिणामाच्या ओळीत दोन्ही बाजूंचे नुकसान आले पाहिजे. फक्त आपल्या शिफारशीच्या विरुद्ध बाजूचे भय दाखवले, तर ती वकिली होते. जे नुकसान नंतर भरून काढता येत नाही, ते आधी सांगावे. २३० नग उशिरा गेले तर ते शनिवारी पोहोचवता येतात. छिललेला हीट क्रमांक परत येत नाही. निर्णय सोपा करणारी खरी गोष्ट ही आहे, आणि जुन्या साच्यात ती बहुधा लिहिलीच गेली नसती.

उत्तर न आल्यास काय, ही ओळ आपल्या अधिकाराच्या मर्यादेत राहून लिहावी. गाडी थांबवणे त्या अभियंत्याच्या हातात होते, ४१० नग पाठवणे नव्हते. ‘उत्तर न आल्यास मंजुरी गृहीत धरीन’ असे वरिष्ठांना लिहिणे म्हणजे त्यांचा अधिकार परस्पर वापरणे होय. तसेच रवानगी प्रमुख आणि आपले निकटचे वरिष्ठ यांना या पत्राची प्रत गेलीच पाहिजे. त्यांना अंधारात ठेवून वर पाठवलेले पत्र तक्रार ठरते आणि मग चर्चा मालाऐवजी माणसांची होते.

पत्र पाठवण्यापूर्वी एक परीक्षा करावी. वरच्या चार ओळी सोडून बाकीचा मजकूर हाताने झाकावा आणि या प्रकरणाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्यास विचारावे की कोणी, केव्हापर्यंत, काय ठरवायचे आहे. त्याला सांगता आले नाही, तर पत्र अजून तयार नाही. पाठवल्यानंतरची खूण म्हणजे येणारे उत्तर. ‘ठीक आहे, पाहू’ किंवा ‘मग माझ्याकडून काय हवे?’ असे आले, तर निर्णयाची ओळ चुकली असे समजावे.

या रचनेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अमेरिकेतील मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइजोली यांनी ३१ जुलै १९८५ रोजी आपल्या उपाध्यक्षांना एक पत्र लिहिले. अंतराळयानाच्या इंधन-रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या झिजत होत्या. परिणाम त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत लिहिला होता : मोठा अपघात आणि मनुष्यहानी. मात्र या प्रश्नाला पूर्ण वाहून घेणारे पथक नेमावे ही मागणी आणि तसे न केल्यास उड्डाण गमावण्याचा धोका, हे दोन्ही एकत्र आले ते पत्राच्या अखेरीस. पथक नेमले गेले. पण त्याला पुरेशी साधने मिळाली नाहीत, आणि १ ऑक्टोबर १९८५ रोजी त्याच कंपनीतील बॉब एबलिंग यांना मदतीची हाक देणारे दुसरे पत्र लिहावे लागले. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले.

ओळींचा क्रम बदलला असता तर यान वाचले असते, असे म्हणणे त्या अभियंत्यांवर अन्याय करणारे होईल. उड्डाणाच्या आदल्या रात्री त्यांनी उड्डाणास स्पष्ट विरोध केला होता, आणि तोही डावलला गेला. ऐकायचेच नाही असे ठरवलेल्या माणसापुढे कोणतीही रचना अपुरी पडते. तरीही त्या जुलैच्या पत्रातून एक गोष्ट शिकता येते. त्यात पथक मागितले होते आणि पथकच मिळाले. सांधे दुरुस्त होईपर्यंत उड्डाणे थांबवावीत, अमुक तारखेपर्यंत ठरवावे, अशी मागणी त्यात नव्हती. वरिष्ठ बहुधा लिहिलेल्या मागणीला उत्तर देतात. मनातल्या काळजीला उत्तर मिळावे असे वाटत असेल, तर तिचे मागणीत रूपांतर लेखकानेच करावे लागते.

आणखी एक मर्यादा. जेथे जीव धोक्यात आहे तेथे पत्राची वाट पाहू नये. भट्टीच्या कॉइलमधून पाणी गळू लागले, तर आधी वीज तोडावी, माणसे दूर करावीत, मग फोन करावा, आणि ई-मेल त्यानंतर नोंद म्हणून लिहावा.

शाळेत शिकलेला अर्ज विसरावा, असे मी म्हणत नाही. त्यातले ‘महोदय’ राहू द्या, ‘आपला विश्वासू’ही राहू द्या. फक्त लिहून झाले की शेवटच्या परिच्छेदातला ‘तरी’ शोधावा, त्याच्या पुढचे वाक्य उचलावे आणि पत्राच्या माथ्यावर नेऊन ठेवावे.