वचन बदलण्यापूर्वी लिंग ओळखावे
(प्राथमिक शाळांतील भाषाशिक्षकांसाठी)

'वचन बदला' आणि 'लिंग बदला' हे दोन स्वाध्याय आपण मुलांना बहुधा वेगवेगळ्या दिवशी देतो. त्यामुळे त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही, असा मुलांचा समज होतो. वास्तविक मराठीत नामाचे अनेकवचन त्याच्या लिंगावर अवलंबून असते. म्हणून लिंगाचा पाठ आधी व वचनाचा नंतर, हा क्रम ठेवावा.

पंचवटीतील मुलांच्या रोजच्या परिचयाचे तीन शब्द घ्यावे : घाट, भिंत, कुंड. तिन्ही अकारान्त आहेत. परंतु त्यांची अनेकवचने तीन प्रकारची होतात. घाट पुल्लिंगी, म्हणून 'एक घाट – अनेक घाट'. रूप बदलत नाही. भिंत स्त्रीलिंगी, म्हणून 'भिंती'. कुंड नपुंसकलिंगी, म्हणून 'कुंडे'. केवळ शेवटचा स्वर पाहून उत्तर देणारा मुलगा 'घाटे' किंवा 'वडे' असे लिहितो, याचे कारण हेच. 'वडे' हे 'वडा' या खाद्यपदार्थाचे अनेकवचन; वृक्षाचे मात्र 'एक वड, पाच वड'.

लिंग ओळखण्यासाठी नामापूर्वी तो, ती, ते लावण्याची रीत आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी. 'ते' नपुंसकलिंगी एकवचनात येते, तसेच पुल्लिंगी अनेकवचनातही येते : ते कुंड, ते घाट. 'ती' स्त्रीलिंगी एकवचनात आणि नपुंसकलिंगी अनेकवचनातही येते : ती भिंत, ती कुंडे. म्हणून मुलांकडून 'तो एक, ती एक, ते एक' असे म्हणवून घ्यावे; म्हणजे घोटाळा होत नाही.

ही कसोटी किती उपयोगी आहे ते पुढील शब्दांवरून दिसेल. 'ती नाव' म्हणजे होडी. तिचे अनेकवचन 'नावा'. 'ते नाव' म्हणजे व्यक्तीचे नाव. त्याचे अनेकवचन 'नावे'. 'ती माळ' फुलांची, अनेकवचन 'माळा'. 'तो माळ' म्हणजे उघडे रान, अनेकवचन 'माळ'. प्रश्नपत्रिकेत असे शब्द वाक्याशिवाय देऊ नयेत.

मुलांकडून वारंवार सुटणारे अपवाद तीन आहेत.

पहिला : अकारान्त स्त्रीलिंगी नामे काही 'आ'कारान्त, तर काही 'ई'कारान्त होतात. वाट – वाटा, वीट – विटा, चूक – चुका. परंतु कमान – कमानी, विहीर – विहिरी. यास सरसकट नियम नाही. शब्द वाक्यात वापरूनच ते रुळवावे लागतात.

दुसरा : नदी – नद्या, पायरी – पायऱ्या असे होते, मात्र मूर्ती, दासी, युवती हे संस्कृतातून आलेले शब्द अनेकवचनातही तसेच राहतात. गुहा, दिशा, भाषा हे आकारान्त स्त्रीलिंगी शब्दही बदलत नाहीत. पक्षी व पुजारी हे पुल्लिंगी शब्दही तसेच राहतात.

तिसरा : फूल – फुले, वीट – विटा येथे उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. गीत, शरीर यांसारख्या तत्सम शब्दांत तो दीर्घच राहतो : गीते, शरीरे.

नाम बदलत नाही तेथे अनेकवचन क्रियापदावरून कळते. म्हणून सुटे शब्द देण्यापेक्षा पुढीलप्रमाणे छोटा उतारा द्यावा.

एकवचन : घाटावर एक वड आहे. वडाजवळ एक देऊळ आहे. देवळाची भिंत उंच आहे. भिंतीवर पक्षी बसला आहे.
अनेकवचन : घाटावर पाच वड आहेत. वडांजवळ देवळे आहेत. देवळांच्या भिंती उंच आहेत. भिंतींवर पक्षी बसले आहेत.

'वड' आणि 'पक्षी' हे शब्द बदलले नाहीत. 'आहेत' व 'बसले' यांनी वचन दाखविले. 'पंचवटी' हा शब्दही मुलांपुढे ठेवावा. त्यात पाच वड आहेत. तरी पाचांचा मिळून एकच समूह कल्पिलेला असल्याने तो स्त्रीलिंगी एकवचनी आहे. 'पंचवटी वसली', 'पंचवट्या वसल्या' नव्हे.

लिंगबदलाच्या स्वाध्यायात सजीव व निर्जीव नामे वेगळी ठेवावी. माळी – माळीण, पुजारी – पुजारीण, वाघ – वाघीण ही सरळ रूपे. मोर – लांडोर, बोकड – शेळी, रेडा – म्हैस, विद्वान – विदुषी ही पाठच करावी लागतात. 'कवी'चे स्त्रीलिंग 'कवयित्री'. 'कवियत्री' हे अशुद्ध. निर्जीव वस्तूंत लिंग बदलले की पुष्कळदा आकार लहान होतो : गाडा – गाडी, लोटा – लोटी. पण विळा शेतात कापणीचा आणि विळी स्वयंपाकघरातली. येथे वस्तूच निराळी होते. 'भिंत', 'वाट' यांस पुल्लिंगी रूपच नाही. 'वाटा' हे 'वाट'चे पुल्लिंग म्हणून लिहिलेले आढळल्यास तो हिस्सा या अर्थाचा स्वतंत्र शब्द आहे, हे मुलांस दाखवून द्यावे. अशी निर्जीव नामे लिंगबदलासाठी मुळीच विचारू नयेत. त्यांचे लिंग फक्त ओळखावयास सांगावे.